पान थांबलं ते आठ दिवस

भावाच्या पायांना मुंग्या येतात असं भावजयीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी दुकानात कुणाचा तरी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरत होते. बूट घट्ट होत असतील, असं तिला म्हटलं आणि पुढचा रकाना भरला. चौथ्या दिवशी तो कल्याणच्या एका खासगी रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होता.

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. एक संगणक, एक प्रिंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. सातबारा, पॅन, शिष्यवृत्ती, पीकविमा, जे येईल ते भरते. भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. वायरमन. बायकोसोबत आसनगावला भाड्याच्या खोलीत राहायचा. आमचे बाबा गावी, वैशाखऱ्याच्या बाजूला, थोड्या भातशेतीवर. आई नाही. म्हणजे तो आजारी पडल्यावर धावपळ करायला मी, त्याची बायको आणि शहापूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा तिचा धाकटा भाऊ, एवढीच माणसं.

डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला. शरीराचं स्वतःचं संरक्षण चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं. आधी पाय जातात, मग हात, मग श्वासाचे स्नायू. बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो. आठवडे, कधी महिने. तोवर श्वास यंत्रानं घ्यायचा. पाच दिवस महागडी इंजेक्शनं द्यावी लागली. ते रुग्णालय सरकारी योजनेत नव्हतं. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात हलवायचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, त्याचं ब्लडप्रेशर कधी वर कधी खाली जातंय, या आठवड्यात रुग्णवाहिकेचा प्रवास धोक्याचा आहे.

तेव्हा मी देणग्या गोळा करणाऱ्या एका संकेतस्थळावर त्याच्यासाठी पान उघडलं. हे काम मला येत होतं. आधार, पॅन, डॉक्टरांचं पत्र, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, त्याचा नीट हसणारा एक फोटो, आणि मी लिहिलेली दीड पानी हकीकत. पैसे माझ्या खात्यात नकोत, थेट रुग्णालयाच्या खात्यात जाऊ देत, असा पर्याय मी निवडला. अर्जात एक प्रश्न होता: याच कारणासाठी आणखी कुठे पैसे गोळा केले जात आहेत का? मी ‘नाही’वर टिचकी मारली. त्या दिवशी ते खरं होतं.

पहिले दहा-बारा दिवस पान चांगलं चाललं. त्याच्याबरोबर काम केलेले लोक, माझ्या दुकानात येणारे, शाळेतले सोबती, आणि मग ज्यांचा आमच्याशी काहीच संबंध नाही असेही लोक. पहिली रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा झाली त्या दिवशी बिलिंगच्या खिडकीवरची बाई माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली.

एका दुपारी एका ओळखीच्या शिक्षकांचा फोन आला. त्यांना पैसे टाकायचे होते, पण बटण दाबलं जात नव्हतं. मी दुकानातल्या संगणकावर पान उघडलं. भावाचा फोटो होता, मजकूर होता, पण देणगीचं बटण करडं पडलं होतं आणि वर एक पट्टी आली होती. ही मोहीम तपासणीखाली आहे, देणग्या तात्पुरत्या थांबवल्या आहेत.

मी कितीतरी वेळ त्या पट्टीकडे बघत बसले. लोकांना मी रोज सांगते, अर्ज थांबला म्हणजे नाकारला असं नाय, घाबरायचं नाय. तेच वाक्य मनाशी म्हणून पाहिलं. ते माझ्यावर चाललं नाही.

ईमेल आदल्या दिवशीच आली होती, जाहिरातींच्या ढिगात पडून. इंग्रजीत, सभ्य. आमच्याकडे तुमच्या मोहिमेबद्दल तक्रार आली आहे. रुग्णालयाचं ताजं बिल, नात्याचा पुरावा आणि सोबतच्या चित्राबद्दल खुलासा अठ्ठेचाळीस तासांत पाठवा. त्यातले चोवीस तास तर गेलेच होते. खाली तिकीट क्रमांक होता. सोबतचं चित्र मी घाईत उघडलंच नाही. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे मी रागात उत्तर दिलं. माझा भाऊ मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही पुरावे मागता, असं लिहिलं. घरचे कुणीही दुसरीकडे एक रुपया गोळा करत नाहीत, हेही ठासून लिहिलं. मग तासभर उत्तर आलं नाही म्हणून दुकानाच्या ईमेलवरून पुन्हा लिहिलं. भावजयीला तिच्या फोनवरून लिहायला लावलं. संकेतस्थळावरच्या चॅटमध्ये लिहिलं, तिथे आधी यंत्र बोललं, मग एक माणूस आला आणि म्हणाला, तुमचं प्रकरण तपासणी विभागाकडे आहे, मला ते दिसत नाही. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे चार वेगवेगळे तिकीट क्रमांक झाले होते. एकाच गोष्टीचे चार तुकडे, चार टेबलांवर.

त्याच संध्याकाळी भावजयीचा फोन आला. आवाज हलका झाला होता. तिनं इंटरनेटवर शोधून कस्टमर केअरचा नंबर मिळवला होता. माणूस फार चांगला बोलला म्हणे, पान लगेच चालू करून देतो म्हणाला. फक्त एक ॲप टाकायचं, म्हणजे त्याला तिची स्क्रीन दिसेल, आणि सुरू करायची थोडी फी भरायची. मी तिला म्हटलं, आधी फोन ठेव. ॲप टाकलंस का? नाही, म्हणाली, अजून चालूच होतं. मी तिला फोनच बंद करायला लावला. तो नंबर संकेतस्थळाचा नव्हताच. त्यांनी पानावर कुठेही फोन नंबर दिलेला नव्हता. म्हणजे आमच्यासारखी अडकलेली माणसं कुठे शोधतील हे ओळखून कुणीतरी तिथे आधीच येऊन बसलं होतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणला गेले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून ते चित्र एकदाचं उघडलं.

मोबाइलवर फिरवायचं एक पत्रक होतं. वर लाल अक्षरांत ‘गरीब वायरमनचा जीव वाचवा’. खाली पैसे पाठवायचा चौकोनी कोड. आणि मध्ये फोटो. भाऊ खाटेवर, तोंडात नळी, डोळे अर्धे उघडे. त्याच्या हातावर दुसरा एक हात, हिरव्या बांगड्या घातलेला.

हा फोटो मी पानावर टाकला नव्हता. त्याला असा कुणाला दाखवायचा नाही, असं मीच ठरवलं होतं. तो भावजयीनं काढून आमच्या घरच्या ग्रुपवर पाठवला होता. त्या ग्रुपवर तीनच माणसं होती: मी, ती आणि तिचा भाऊ. बाबांकडे साधा फोन.

एखादा अनोळखी चोर असता तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण हा फोटो चोरायला चोराला आमच्या घरातूनच जावं लागलं होतं.

भेटीच्या वेळी भावजय आत खाटेपाशी होती. मी थांबायला हवं होतं. मी तिथेच तिच्यापुढे फोन धरला आणि विचारलं, हा फोटो कुणाला दिलास? तिनं पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. मला माहीत नाय, म्हणाली. मी आवाज चढवला. घरातलं कुणीतरी याच्या नावावर पैसे खातंय, पान बंद पडलंय, उद्या या मशीनचं बिल कुणी भरायचं, असं काहीबाही बोलले. ती रडायला लागली. नर्स आली. तिनं दोघींच्या दंडाला धरून बाहेर काढलं आणि दारात म्हणाली, “त्याचे हातपाय हालत नाहीत. कान चालू आहेत. त्याला सगळं ऐकू जातं.”

मी काचेतून पाहिलं. त्याचे डोळे छताकडे होते आणि मॉनिटरवरचा आकडा वर चढत होता.

भावजयीच्या भावानं माझे फोन उचलले नाहीत. त्यानंतरच्या सकाळी मुरबाडहून सरळगाव-किन्हवलीच्या रस्त्यानं जाणारी पहिली गाडी धरून मी शहापूर गाठलं. शेतं कापणीला आलेली. गाडीत माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, भाऊ कसा हाय? तिला मी ओळखत नव्हते, ती मला दुकानावरून ओळखत असावी. मग तिनं फोन काढून मला तेच पत्रक दाखवलं. तिला ते तिच्या माहेरच्या ग्रुपवर आलं होतं.

तो दुकान उघडतच होता. मला बघून शटर अर्ध्यावरच थांबलं. पंचविशीतला, अंगानं बारीक, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा मुलगा. मी शिव्या तयार ठेवल्या होत्या. पण त्यानं आधीच स्टूल पुढे केलं आणि सगळं सांगून टाकलं.

पत्रक त्यानं बनवलं होतं. भावाच्या खाटेपाशी बसून पहिल्या आठवड्यातच. पानावर पैसे टाकायला लोकांना इंग्रजी वाचावं लागतं, कार्ड लागतं, मग पैसे रुग्णालयात पोचायला दिवस जातात, हातात तर येतच नाहीत. इकडे बाहेरून औषधं आणायला रोज लागतात. म्हणून त्यानं बहिणीच्या खात्याचा कोड टाकून पत्रक तीन ग्रुपवर सोडलं. आले ते पैसे तिच्या खात्यात आले, औषधांत गेले, बिलं तिच्याकडे आहेत. मला सांगितलं नाही, कारण मी पान उघडताना दोघांना बजावलं होतं की दुसरीकडे काही करायचं नाही.

मी त्याला संकेतस्थळानं पाठवलेलं चित्र दाखवलं. म्हटलं, हे तुझंच ना? हो, म्हणाला. मग जवळ घेऊन पाहिलं आणि आपल्या दुसऱ्या फोननं तो कोड स्कॅन केला. पैसे पाठवायच्या आधी खात्याचं नाव येतं, ते आलं. त्या नावाचं आमच्याकडे कुणी नाही. शहापूर-मुरबाडात असं आडनावही मी ऐकलेलं नाही.

त्यानं पुन्हा स्कॅन केलं. तेच नाव.

“ताई,” तो म्हणाला, “हा कोड माझा नाय.”

त्याचं पत्रक कुणीतरी घेतलं होतं, त्यावरचा कोड काढून आपला चिकटवला होता आणि पुढे सोडून दिलं होतं. कुणी, कुठून, हे ना त्याला कळत होतं ना मला. अक्षरं तीच, फोटो तोच, हात त्याच्याच बहिणीचा. फक्त पैसे दुसरीकडे. कुठल्या तरी देणगीदारानं पान आणि पत्रक शेजारी ठेवून पाहिलं आणि योग्य तेच केलं, तक्रार केली.

मग तो हळूच म्हणाला की आपण एवढंच लिहू, कुणीतरी आमचा फोटो चोरून पत्रक बनवलं. खोटं काहीच नाय त्यात. पहिल्या पत्रकाबद्दल कशाला बोलायचं? मी ते वाक्य मनात लिहूनही पाहिलं. छान बसत होतं. पण मी ठासून लिहिलं होतं की घरचं कुणी कुठेच गोळा करत नाही, आणि ते खोटं ठरलं होतं. त्यांनी भावजयीच्या खात्याबद्दल विचारलं तर? कुणा देणगीदाराकडे जुनं पत्रक असलं तर? माझ्याकडेही लोक असे अर्ज घेऊन येतात, एक रकाना खोटा आणि बाकी सगळे खरे. त्या एका रकान्यानं अख्खा अर्ज पडतो.

खरं लिहिलं तरी भीती होतीच. नियम मोडला म्हणून ते पान कायमचं बंद करू शकत होते, जमा पैसे देणगीदारांना परत पाठवू शकत होते. आणि खरं लिहायचं म्हणजे या मुलाचं नाव लिहायचं.

मी त्याला म्हटलं, “तुझं नाव घालावं लागंल.”

तो खांद्याकडे बघत म्हणाला, “घाला.”

त्याच्या दुकानाच्या काउंटरवर बसून मी ते पत्र लिहिलं. आयुष्यात हजारो अर्ज लिहिले असतील, पण या पत्राला जेवढा वेळ लागला तेवढा कशालाच नाही. या वेळी पहिल्याच ईमेलला उत्तर म्हणून, पहिल्याच तिकीट क्रमांकाखाली, ज्या ईमेलवरून पान उघडलं होतं त्यावरूनच लिहिलं. बाकीची तीन तिकिटं माझीच आहेत, ती बंद करून हेच धरा, असं वर टाकलं. भाऊ मरणाच्या दारात वगैरे काही लिहिलं नाही. साधं इंग्रजी, छोटी वाक्यं. माझ्या आधीच्या उत्तरातली एक गोष्ट चुकीची होती, ती अशी. घरातल्या या व्यक्तीनं या काळात पत्रक फिरवलं, पैसे या खात्यात आले, ते इथे खर्च झाले. ते आता थांबवलं आहे. तुम्ही पाठवलेल्या पत्रकावरचा कोड मात्र आमचा नाही, आणि त्याची आम्ही सायबर तक्रार केली आहे. ती तक्रार मी तिथूनच सरकारी संकेतस्थळावर नोंदवली आणि पोचपावती जोडली. भावजयीच्या खात्याचा उतारा, औषधांची बिलं, त्या मुलाचं सही केलेलं निवेदन, रुग्णालयाचं त्या दिवसापर्यंतचं बिल, भावाचं आणि माझं नातं दाखवणारं रेशनकार्ड. शेवटी एकच विनंती: मला काही देऊ नका, तपासणी झाल्यावर जमा रक्कम थेट रुग्णालयाला द्या, आणि खात्रीसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी या पत्त्यावर बोला.

पाठवायचं बटण त्यानं दाबलं.

त्यानंतर वाट बघणं. पानावर मला काही लिहिता येत नव्हतं, तेही थांबवलेलं होतं. मी माहितीतल्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या: पान तपासणीसाठी थांबलं आहे, ते चालू होईपर्यंत कुणीही कुठल्याही कोडवर पैसे पाठवू नका, आमच्या नावानं पत्रक आलं तर ते आमचं नाही. लोकांनी ते वाचलं, पण पत्रक जितकं पुढे गेलं तितकी माझी दोन ओळींची सूचना कधीच गेली नाही. काहींनी खाली नुसतंच लिहिलं, फ्रॉड.

बाबा धसईच्या बाजाराला गेले होते. तिथे तांदळाच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना हटकलं की तुमच्या पोराचं कायतरी खोटं निघालंय म्हणे. बाबा तिथून घरी न जाता एसटीनं थेट माझ्या दुकानावर आले. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले. मग विचारलं, “तू खोटं नाय ना केलंस?”

मी सांगितलं, नाय. त्यांनी मान डोलावली, पण उठले नाहीत. मी आणखी काहीतरी सांगेन म्हणून थांबले असावेत.

दोन दिवसांनी एक म्हातारी बाई आली, मुरबाडच्याच बाजूच्या एका पाड्यावरची. नातवाच्या फोनवरून तिनं शंभर रुपये पाठवले होते. परत मागायला आली नव्हती. तिला फक्त विचारायचं होतं की ते पोचले का. नातवाच्या फोनवर नोंद होती. मी नाव पाहिलं. तेच शहापूरला पाहिलेलं नाव.

तिला मी काय सांगितलं ते मला लिहायची लाज वाटते. मी म्हटलं, पोचले.

ती गेल्यावर मला वाटलं, हाक मारून परत बोलवावी. ती स्टँडच्या गर्दीत दिसेनाशी झाली होती.

इकडे रुग्णालयात रोज दुपारी हिशेबाच्या खिडकीवर बोलावणं यायचं. आवाज चढवायचे नाहीत ते, फक्त विचारायचे, आज काही होणार का? मी समाजसेवा विभागातल्या बाईंना भेटले. संकेतस्थळाकडून आलेली ईमेल त्यांनी पाहिली होती, पण उत्तर द्यायचं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. बाहेरच्या लोकांना रुग्णाची माहिती द्यायला वरून परवानगी लागते म्हणाल्या. मी संमतीचं पत्र लिहून दिलं, भावजयीनं सही केली. तरी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलासमोर बसून राहिले. त्यांनी शेवटी रुग्णालयाच्या ईमेलवरून चार ओळी पाठवल्या: हा रुग्ण आमच्याकडे दाखल आहे, आजार हा, आजवरचं बिल हे, रक्कम या खात्यात स्वीकारू. त्या चार ओळींसाठी सगळं अडलं होतं, हे मला नंतर कळलं.

त्याच दिवशी मी संकेतस्थळाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकदाच लिहिलं. तिकीट क्रमांक, तारखांचा क्रम, रुग्णालयानं उत्तर दिल्याची नोंद. बस. त्यांनी एका दिवसात पोच द्यायची असते आणि पंधरा दिवसांत निकाल, एवढं मला माहीत होतं. पंधरा दिवस आमच्याकडे आहेत की नाहीत, ते माहीत नव्हतं.

पोच आली. त्यानंतरच्या सकाळी फोन आला. बाईचा आवाज, हिंदीत, शांत. तिनं आधी तिकीट क्रमांक सांगितला, म्हणून मी घाबरले नाही; आणि ओटीपी किंवा फी असलं काही मागितलं नाही. फक्त प्रश्न विचारले. पहिलं पत्रक कुणी केलं. किती दिवस. भावजयीच्या खात्यातून रोख का काढले. मी उत्तरं दिली. एका ठिकाणी तिनं विचारलं, तुम्ही पहिल्या उत्तरात ‘नाही’ असं का लिहिलं होतं? मी म्हटलं, मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तर? असं तिनं विचारलं नाही. पण मला ते ऐकू आल्यासारखं झालं.

आठव्या दिवशी दुपारी पट्टी गेली. बटण पुन्हा रंगीत झालं. ईमेलमध्ये लिहिलं होतं की मोहीम अटींसह सुरू करत आहोत. यापुढेही सर्व पैसे फक्त रुग्णालयालाच जातील, दुसरीकडे संकलन आढळल्यास कायमची बंद होईल. जमा रक्कम दोन दिवसांनी रुग्णालयात पोचली. मी भावजयीला फोन करून कळवलं.

पान चालू झालं, पण पहिल्यासारखं नाही. दिवसाला एखादी देणगी यायची. ज्यांनी एकदा पाठ फिरवली ते परत आले नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही. उरलेलं आम्ही कसंबसं निभावलं. भाऊ पाचव्या आठवड्यात यंत्रावरून निघाला. घशातली नळी गेल्यावर आवाज यायला आणखी दिवस लागले. पहिल्यांदा नीट बोलला तेव्हा मला म्हणाला, “ताई, त्या दिवशी तू म्हणालीस ना, मशीनचं बिल कुणी भरायचं. मला वाटलं तुमी बंद करणार.”

तो किती दिवस तसं समजून पडून होता, ते मी विचारलं नाही.

आता तो चालतो. डावा पाय थोडा ओढतो. शिडीवर चढायचं काम सोडलंय.

भावजयीचा भाऊ मात्र आमच्याकडे येईनासा झाला. दिवाळीला आला नाही, भाऊबिजेला बहिणीला शहापूरलाच बोलावलं. मीही कामाची सबब सांगून त्याच्याकडे जायचं टाळलं, मग एक दिवस गेलेच. दुकान चालू होतं. त्यानं चहा मागवला. तब्येती विचारून झाल्या. मग मी विचारलं, पोलिसांचं काय झालं?

तक्रार आम्ही केली होती, पण पोलिसांनी पहिल्यांदा बोलावलं ते त्यालाच. पत्रक त्यानं बनवलं असं माझ्या पत्रात आणि त्याच्या निवेदनात लिहिलेलं होतं, आणि ती दोन्ही पोलिसांनी मागून घेतली होती. तीनदा जाऊन आला. एकदा दिवसभर बसवलं. त्याचे दोन्ही फोन ठेवून घेतले होते, एक परत मिळाला. ज्या खात्यात पैसे गेले ते दुसऱ्या राज्यातलं, कुणा तिसऱ्याच माणसाच्या कागदांवर उघडलेलं निघालं, एवढं त्याला सांगितलं होतं. पुढचं काही नाही. पोलीस दुकानावर आलेले लोकांनी पाहिलं, तेव्हापासून दुरुस्तीला फोन टाकणारे कमी झाले.

मी म्हटलं, माझ्यामुळं झालं हे. तो हातातला फोन उघडत होता, बारीक स्क्रू एका झाकणात ठेवत. म्हणाला, नाय ताई, तुमी विचारूनच लिहिलं होतं. आणि मग, मान वर न करता, “पण मी नाय म्हणालो असतो, तर नसतं ना लिहिलं?”

मी चहा संपवला. तरीही लिहिलं असतं, हे खरं उत्तर मला देता आलं असतं. मी ते दिलं नाही. शहापूरहून गाडी तासाभरानं होती, तो तासभर मी त्याच्या दुकानात बसून राहिले, आणि तो काम करत राहिला.